फोटो क्लाउडवर, लॅपटॉप रिकामा

सकाळी १०. पिंपळे गुरवमध्ये सृष्टी चौकाजवळच्या आमच्या दुरुस्तीच्या दुकानाचं शटर वर गेलं तेव्हा एक जण बॅग घेऊन उभेच होते. चाकणच्या कारखान्यात ते तपासणीचं काम करतात. सदोष पार्टचे फोटो फोनवर काढायचे, घरी लॅपटॉपवर रिपोर्टला जोडायचे. "दादा, फोनमध्ये बॅकअप पूर्ण दिसतोय, पण लॅपटॉपच्या G: ड्राइव्हमध्ये एकही फोटो नाही. नेट बिघडलंय का?"

१०:१५. आधी खाती पाहिली. फोनवर आणि लॅपटॉपवर ईमेल एकच होता. मग दुकानातच त्यांना एक नवा फोटो काढायला लावला आणि बॅकअप झाल्यावर लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये photos.google.com उघडलं. फोटो समोर आला. म्हणजे फोन, नेट, खातं सगळं ठीक. आता G: उघडला, तिथे तो नव्हता.

१०:४०. कारण समजावून सांगितलं. गूगल फोटोज आणि गूगल ड्राइव्ह ही दोन वेगळी कपाटं आहेत. पूर्वी फोटोजमधले फोटो ड्राइव्हमध्ये आपोआप दिसायचे, ती जोडणी जुलै २०१९ मध्ये गूगलनेच काढली. लॅपटॉपवरचं ड्राइव्ह ॲप फक्त ड्राइव्हचं कपाट आणून दाखवतं. त्यात गूगल फोटोजचा पर्याय आहे, पण तो लॅपटॉपवरचे फोटो वर पाठवतो, वरचे खाली आणत नाही. दोघांची साठवण मात्र एकाच कोट्यात मोजली जाते, म्हणून लोकांना दोन्ही एकच वाटतात.

११. आज लागणारे फोटो photos.google.com वर निवडून Shift+D दाबलं. एकापेक्षा जास्त असले की झिप उतरते, ती उघडून घ्यावी लागते. रोजच्यासाठी दुसरी सवय लावून दिली: फोनवरच्या ड्राइव्ह ॲपमध्ये "तपासणी" फोल्डर उघडायचा, अधिकचं चिन्ह दाबून फोटो अपलोड करायचे. चाचणीचा फोटो थोड्याच वेळात G: मध्ये आला. वर्षानुवर्षांचा संग्रह एकदम हवा असेल तर takeout.google.com. त्यात फोटोंसोबत .json फायलीही येतात, त्या फोटो नव्हेत.

दुपारी ४. एका ताईंची तक्रार तीच, पण ॲप वनड्राइव्ह. तिथे फोटोंचा फोल्डर लॅपटॉपवर यायला हवा. सेटिंगमध्ये Choose folders पाहिलं, तर Pictures पुढची खूण काढलेली होती. ती लावली, फोटो उतरू लागले.

संध्याकाळी ७. सकाळच्या गृहस्थांचा फोन आला: "रिपोर्ट गेला. आता फोटोजमधून ते फोटो काढून टाकू का? जागा भरलीय." थांबवलं. बॅकअप झालेला फोटो ॲपमधून डिलीट केला की क्लाउडवरूनही जातो आणि ट्रॅशमध्ये ६० दिवसच राहतो. फोनमधली जागा मोकळी करायला Free up space वापरा, त्याने क्लाउडवरची प्रत राहते. आणि कायमचं काढायचंच असेल, तर आधी लॅपटॉपवर उतरवलेली फाईल उघडून बघा, मगच काढा.