रविवारचे सामने शनिवारच्या रकान्यात

कॅमेरा मैदानाच्या कोणत्या टोकाला लावावा, हा विषय आज घ्यायचं ठरलं होतं. तो पुढच्या आठवड्यात. डोंबिवलीच्या एका वाचकांच्या पत्राने मला दुसरीकडेच ओढलं आहे. ते आणि त्यांचे दोन मित्र ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या टेनिस क्रिकेटच्या स्पर्धा यूट्यूबवर थेट दाखवतात. जानेवारीत कोलशेतला एका रविवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा अशी स्पर्धा झाली. आठवडाभराने आकडे उघडले, तर त्यांत शनिवारचे प्रेक्षक दिसले. शनिवारी मैदानावर एकही चेंडू पडला नव्हता. मग हे प्रेक्षक आले कुठून?

ते रविवारचेच आहेत. यूट्यूबच्या अहवालात दिवस बदलतो तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मध्यरात्री. हिवाळ्यात आपल्याकडे तेव्हा दुपारचा दीड वाजलेला असतो, उन्हाळ्यात साडेबारा. म्हणजे रविवारी दीडच्या आधीचे सगळे सामने शनिवारच्या तारखेत जातात. दुपारचे सामने, उपांत्य फेरी, फायनल आणि त्या रात्री घरोघरी पुन्हा पाहिलेलं सगळं रविवारच्या तारखेत एकत्र पडतं. ‘पहिल्या दिवशी किती लोकांनी पाहिलं’ असं तारखेवरून मोजायला गेलं की थेट प्रेक्षक दोन भागांत तुटतात आणि त्यातल्या एका भागात नंतर पाहणारे मिसळतात.

म्हणून तारखेचा नाद सोडावा. अ‍ॅनालिटिक्सच्या एपीआयमध्ये `liveOrOnDemand` नावाचं परिमाण आहे. ते प्रक्षेपण चालू असतानाचं पाहणं `LIVE` या ओळीत देतं आणि नंतरचं `ON_DEMAND` या ओळीत. सामना सकाळचा असो वा रात्रीचा, ही वाटणी बिघडत नाही. नंतरच्या प्रेक्षकांसाठी मात्र मुदत ठरवून घ्यावी लागते, नाहीतर जुनी स्पर्धा नव्यापेक्षा नेहमीच मोठी दिसेल. अमेरिकेत टीव्हीच्या जाहिरातींचा हिशेब २००७ पासून थेट प्रेक्षक अधिक तीन दिवसांत रेकॉर्डिंग पाहणारे, असा होऊ लागला. आपल्या स्पर्धा रविवार धरून चालतात, म्हणून पुढच्या रविवारपर्यंतची मुदत सोयीची. ती प्रत्येक स्पर्धेला सारखीच लावायची.

आता तुलना. मंडळं एका हाताने थेट प्रेक्षकांचा सर्वोच्च आकडा धरतात आणि दुसऱ्या हाताने आठवड्याचे व्ह्यूज. पहिला आकडा एका क्षणी किती स्क्रीन चालू होत्या ते सांगतो, दुसरा एकूण किती वेळा व्हिडिओ उघडला गेला ते. हे दोन आकडे एका तराजूत बसत नाहीत. दोन्ही प्रेक्षकांचे तास काढावे लागतात, आणि थेट प्रेक्षकांसाठी त्यात सर्वोच्च नाही, सरासरी आकडा लागतो. समजा, नऊ तासांच्या प्रक्षेपणात एका वेळी सरासरी १५० स्क्रीन चालू होत्या. १५० गुणिले ९, म्हणजे १,३५० तास पाहणं झालं. नंतरच्या आठवड्यात ६,००० व्ह्यूज मिळाले आणि प्रत्येकी सरासरी सहा मिनिटं पाहिलं गेलं, तर ते झाले ६०० तास. व्ह्यूज पाहून मंडळ म्हणेल की लोक नंतरच बघतात. तासांत मात्र थेट प्रेक्षक दुपटीहून जास्त भरले. शिवाय नाक्यावर मोठा टीव्ही लावून तीस जण मॅच बघत असतील, तरी मोजणीत ती एकच स्क्रीन. थेट प्रेक्षक या हिशेबात कमीच दिसतात.

पण नुसत्या बेरजेवरून पुढचं नियोजन होत नाही. कोण कशासाठी आलं, ते दोन आलेख एकाखाली एक ठेवल्यावर कळतं. वर थेट प्रेक्षकांचा, खाली नंतरच्या प्रेक्षकांनी कुठला भाग पाहिला त्याचा. गावच्या स्पर्धांत या दोन रेषा मला वारंवार उलट्या दिसल्या आहेत. थेट प्रेक्षक सकाळी मोजके असतात, जेवणाच्या सुट्टीत घसरतात, चारनंतर चढतात आणि फायनलला टोक गाठतात. खालच्या आलेखात सकाळच्या एखाद्या साखळी सामन्यावर उंचवटा येतो. समजा, बाळकुम आणि ढोकाळी यांच्यात दहा वाजता झालेल्या सामन्यावर. थेट बघायला तेव्हा फारसं कोणी नव्हतं, कारण ज्यांना तो सामना सर्वांत जास्त बघायचा होता ती बावीस पोरं स्वतः मैदानात होती आणि त्यांचे मित्र सीमारेषेवर. ती रात्री घरी जाऊन आपली बॅटिंग बघतात आणि लिंक व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकतात. खात्री करायची तर नंतरचे प्रेक्षक कुठून आले ते पाहावं. यूट्यूबबाहेरच्या वाटांमध्ये व्हॉट्सअ‍ॅप वर आलं असेल, तर हा उंचवटा संघाच्या माणसांचा.

नेमका कोणता षटकार लोकांनी पुन्हा पाहिला, असंही डोंबिवलीकरांनी विचारलं आहे. त्यांच्या व्हिडिओवरून ते कळणार नाही. नंतरच्या प्रेक्षकांचा तो खालचा आलेख एपीआयमधून व्हिडिओचे शंभर समान तुकडे करून मिळतो. नऊ तासांच्या व्हिडिओत एक तुकडा ५ मिनिटं २४ सेकंदांचा होतो. एवढ्या वेळात एक-दोन षटकं संपून जातात. सामना ओळखता येईल, चेंडू नाही. तोच सामना पाऊण तासाचा वेगळा व्हिडिओ असेल, तर एक तुकडा २७ सेकंदांचा होतो आणि षटकातली घडामोडही दिसू लागते.

मग प्रत्येक सामन्याचं प्रक्षेपण वेगळंच करावं का? नंतरच्या प्रेक्षकांसाठी हो, थेट प्रेक्षकांसाठी नाही. प्रक्षेपण तोडलं की चालू असलेल्या स्क्रीन नव्या लिंकवर आणाव्या लागतात. पहिला सामना संपल्यावर ‘पुढची मॅच कुणाची’ म्हणून रेंगाळणारा माणूस तिथेच हातचा जातो.

म्हणून माझा सल्ला असा. साखळी सामने वेगळे दाखवा, तेव्हा गमवायला थेट प्रेक्षक थोडेच असतात. शीर्षकात स्पर्धेच्या नावाआधी दोन्ही संघांची नावं लिहा, कारण नंतरचा माणूस आपला संघ शोधत येतो. उपांत्य फेरीपासून फायनलपर्यंत एकच अखंड प्रक्षेपण ठेवा आणि संपल्यावर वर्णनात वेळा टाका:

```
0:00 पहिली उपांत्य
52:10 दुसरी उपांत्य
1:48:30 फायनल
2:41:00 बक्षीस समारंभ
```

पहिली ओळ 0:00 असलीच पाहिजे आणि निदान तीन ओळी हव्यात, तरच यूट्यूब त्यांचे भाग पाडतं. सुरुवातीचा रिकामा पडदा कापणार असाल, तर आधी कापा आणि वेळा मग लिहा, नाहीतर सगळ्या वेळा सरकतील. सहा तासांहून लांब व्हिडिओ यूट्यूबच्या एडिटरमध्ये कापताच येत नाही, आणि बारा तासांपुढच्या प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग राहील याची हमी नाही. दिवसभराचं एकच प्रक्षेपण टाळायला ही दोन कारणं पुरेशी आहेत.

सामन्यांचा क्रम लावताना थेट आलेख समोर ठेवा. चारनंतर प्रेक्षक चढत असतील, तर यजमान कोलशेतचा सामना सकाळी नऊला उरकू नका, तो दुपारच्या शेवटच्या साखळी सामन्यात घ्या. पुढच्या स्पर्धेनंतर `LIVE` आणि `ON_DEMAND` यांचे तास पुन्हा काढा. थेट तास टिकले आणि नंतरचे वाढले, तर तोडणी जमली. थेट तासच घसरले, तर तोड फार उशिरापर्यंत चालू ठेवली असं समजा आणि अखंड भाग उपउपांत्य फेरीपासून सुरू करा.