सरासरी नॉर्मल, तरी 'साठ'चे 'आठ'

ऑडिओग्रामचा कागद पहिल्यांदा हाती आला की बहुतेक जण तो उलटा वाचतात. रेघ खाली गेली म्हणजे आवाज कमी लागला, असा समज होतो. असते नेमके उलट. उभ्या अक्षावर डेसिबल वरून खाली वाढत जातात, त्यामुळे खूण जितकी खाली, तितका आवाज मोठा करावा लागला. शून्य म्हणजे शांतता नव्हे, तर निरोगी तरुण कानांना सरासरी जेमतेम ऐकू येणारी पातळी. आडव्या अक्षावर हार्मोनियमच्या पट्ट्यांसारखा क्रम असतो. डावीकडे २५० हर्ट्झचा खर्ज, तर उजव्या टोकाला ८००० हर्ट्झचा बारीक, तार स्वर. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्याच्या.

आता वर्षानुवर्षे कान न झाकता रायफल चालवलेला एक उजवा नेमबाज घेऊ. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण आखणी अशीच दिसते. डाव्या कानाच्या फुल्या ५०० हर्ट्झला १०, १००० ला १५, २००० ला २० डेसिबलवर आहेत. इथवर सारे ठीक. ४००० ला मात्र फुली एकदम ६५ वर कोसळते आणि ८००० ला पुन्हा ३५ पर्यंत वर येते. उजव्या कानाचा खड्डा त्याच जागी, पण ४० वरच थांबलेला.

खड्डा तिथेच का? बाहेरची कर्णनलिका साधारण ३००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपोआप वाढवते आणि आतल्या केसपेशींवर घाव बसतो तो त्याच्या थोडा वरच्या पट्टीत. मग डावाच कान जास्त का बिघडला? उजवा नेमबाज दस्त्याला उजवा गाल टेकवतो. त्यामुळे डावा कान नळीच्या तोंडाकडे राहतो आणि उजव्याला डोक्याचा आडोसा मिळतो.

गंमत अशी की अनेक अहवालांत ५००, १००० आणि २००० याच तीन आकड्यांची सरासरी छापतात. या डाव्या कानाची ती १५ येते. २५ पर्यंत नॉर्मल धरायची जुनी पद्धत आहे, म्हणजे शेरा 'नॉर्मल'! पण बाजारात 'साठ' म्हटलेले या माणसाला 'आठ' ऐकू येऊ शकते. 'आ' खालच्या पट्टीतला, तो पोचतो. 'स'ची सळसळ बहुतांशी ४००० च्या वर असते.

असा खड्डा दिसला म्हणून आवाजच दोषी, हे मात्र सिद्ध होत नाही. कानामागच्या हाडावरून केलेल्या चाचणीच्या कंसासारख्या खुणाही पाहाव्या लागतात. त्या फुल्यांच्या जवळपास असतील, तर दोष आतल्या कानात किंवा नसेत आहे. त्या बऱ्याच वर असतील, तर मळ, पडदा किंवा मधला कान तपासायचा. दोन कानांत मोठा फरक आहे आणि बंदुकीसारखे कारणही सापडत नाही, अशा वेळी श्रवणनसेवर गाठ नाही ना हे पाहण्यासाठी डॉक्टर एमआरआय सांगतात.

चाचणी करून घेतलीत, तर नुसत्या सरासरीवर परतू नका. दोन्ही कानांचा पूर्ण आलेख मागा आणि आधी ४००० ची रेघ पाहा.