महिन्याची फी नव्हे, तासाचा भाव

जबलपूरच्या राइट टाउन, नेपियर टाउन भागात दहावीच्या गणिताची शिकवणी शोधणारे पालक आधी विचारतात, ‘महिन्याचे किती?’ त्या आकड्याने तुलना फसते.

समजा, पहिला क्लास 1,500 रुपये घेतो. महिन्यात 12 दिवस, रोज एक तास, बॅचमध्ये 40 मुले. दुसरा 2,400 घेतो. 16 दिवस, रोज दीड तास, मुले 12. पहिल्याचे तास 12, म्हणजे ताशी 125 रुपये. दुसऱ्याचे 24, म्हणजे ताशी 100. महाग वाटणाराच स्वस्त निघाला! मात्र सणांच्या सुट्ट्या आणि नुसत्या चाचणीचे दिवस वजा करून प्रत्यक्ष शिकवलेलेच तास मोजा. प्रवेश-शुल्क आणि नोट्सचे पैसेही वर्षाच्या फीत मिळवा.

आता बॅच. शंका विचारायला तासातली 20 मिनिटे ठेवली, तर 40 मुलांत प्रत्येकाला अर्धे मिनिट मिळते, 12 मुलांत जवळपास पावणेदोन.

निकालात छेद महत्त्वाचा. ‘आमची 9 मुले नव्वदीपार’ म्हणजे कितींपैकी? जूनमध्ये 60 जणांनी नाव घातले असेल, तर 15 टक्के; मधेच सोडून गेलेलेही त्या 60 मध्ये धरायचे. शिवाय चाळणी परीक्षा घेऊन हुशार मुलेच निवडली असतील, तर निकालाचे श्रेय निवडीलाही जाते. म्हणून नववीचे गुण आणि दहावीचे गुण यांतला फरक विचारा. 12 मुलांच्या बॅचचा एकाच वर्षाचा निकाल मात्र एका मुलानेही आठ टक्के हलतो. तिथे तीन वर्षांचे आकडे मागा.