दादा गेले आणि फोन लॉकच राहिला: गुगल खात्याचा वारस जिवंतपणीच नेमा

आमच्या ओळखीचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते मागच्या हिवाळ्यात अचानक कालवश झाले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी फोटो हवा होता, तर चांगले फोटो सगळे त्यांच्या फोनमध्ये. फोनला पिन. बोटाचा ठसा चालत होता, पण पहिल्याच रात्री फोन बंद पडला, आणि पुन्हा चालू केल्यावर फोन आधी पिनच मागतो, ठशाने उघडत नाही. त्यामुळे शेवटी लग्नातला जुना फोटो कापून फ्रेम केला.

फोटोचे दुःख लहान होते. खरा प्रश्न पुढे आला. तालुक्यातील तीन अत्याचार प्रकरणांची कागदपत्रे, एफआयआरच्या प्रती, पीडित कुटुंबांचे जातीचे दाखले, वकिलांशी झालेला पत्रव्यवहार, हे सगळे दादांच्या जीमेल आणि ड्राइव्हमध्ये होते. विहाराच्या यूट्यूब चॅनलवरील दहा वर्षांची व्याख्याने त्याच खात्यावर होती. वहिनींना त्यातले काहीच उघडता येईना. पुतण्याने पासवर्डचे अंदाज लावून पाहिले, तेव्हा काही वेळाने गुगलने तेही थांबवले.

हे टाळता आले असते. गुगलमध्ये त्यासाठी सोय आहे, तिचे नाव Inactive Account Manager. ती नीट समजून घेतली तर कळते की ती काय करते, आणि काय करत नाही.

सोय चालते कशी

फोनवर किंवा संगणकावर आपल्या खात्यात लॉगिन असताना हा पत्ता उघडा: myaccount.google.com/inactive. तिथे गुगल तीन गोष्टी विचारते.

पहिली गोष्ट म्हणजे मुदत. खाते किती काळ वापरात नसेल तर ते निष्क्रिय समजायचे? पर्याय चार आहेत: ३, ६, १२ किंवा १८ महिने. मुदत संपण्याच्या एक महिना आधी गुगल तुमच्याच नंबरवर आणि ईमेलवर इशारा पाठवते. म्हणजे तुम्ही ठणठणीत असाल आणि नुसतेच खाते वापरले नसेल, तर लॉगिन केल्याबरोबर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

दुसरी गोष्ट म्हणजे माणसे. दहापर्यंत माणसे नेमता येतात, आणि प्रत्येकाला काय द्यायचे ते वेगवेगळे ठरवता येते. कार्यकर्त्यांसाठी हाच सर्वात कामाचा भाग आहे. घरातल्यांना फोटो द्या, ड्राइव्ह मात्र प्रकरणांचे काम पाहणाऱ्या सहकाऱ्याला द्या. पीडित कुटुंबाने विश्वासाने दिलेला दाखला घरातल्या सगळ्यांच्या हाती जाण्याचे कारण नाही. प्रत्येक माणसाचा ईमेल आणि मोबाईल नंबर द्यावा लागतो. नंबर यासाठी की वेळ आल्यावर गुगल त्यावर कोड पाठवून माणूस तोच आहे ना, हे पाहते.

तिसरी गोष्ट म्हणजे सगळे झाल्यावर खाते पुसून टाकायचे का. इथे घाई करू नका. हा पर्याय चालू केला तर खात्याबरोबर त्यावरचे यूट्यूब व्हिडिओही जातात. समाजाचे काही त्या खात्यावर असेल तर तो बंदच ठेवा. शेवटी Confirm plan दाबले की काम झाले. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही.

नेमलेल्या माणसाला मृत्यूचा दाखला द्यावा लागत नाही, कारण ही सोय मृत्यू पाहत नाही, वापर थांबला की नाही तेवढेच पाहते. माणूस दीर्घकाळ कोमात असला तरी ती चालते. मात्र त्या माणसाला पासवर्ड मिळत नाही. त्याला खात्यात शिरताही येत नाही. त्याला मिळते ती डेटा उतरवून घेण्याची लिंक, आणि तीही तीन महिन्यांपुरती.

तारखांसह एक उदाहरण

समजा दादांनी तीन महिन्यांची मुदत ठेवली होती आणि पुतण्याला ड्राइव्ह व जीमेलसाठी नेमले होते. दादा १० जानेवारीला गेले. आता मोजणी १० जानेवारीपासून सुरू होईल असे आपल्याला वाटते. पण वहिनींनी फोन चार्ज करून चालू ठेवला, कारण दादांच्या नंबरवर अजून लोकांचे फोन येत होते. अँड्रॉइड फोन लॉक असला तरी आतून गुगलशी बोलत राहतो, आणि गुगल ते खाते वापरात असल्याची खूण धरते. फोन २० फेब्रुवारीला बंद करून कपाटात ठेवला, तर मोजणी खरी त्या दिवसापासून.

इशारे २० एप्रिलच्या सुमारास दादांच्याच नंबरवर येतील. पुतण्याला ईमेल येईल २० मेच्या सुमारास. त्यानंतर डेटा उतरवायला त्याच्याकडे साधारण २० ऑगस्टपर्यंत वेळ आहे.

या उदाहरणात तीन ठिकाणी गाडी अडू शकते. फोन वर्षभर चालू राहिला, तर ईमेल कधीच येणार नाही. पुतण्याने दरम्यान मोबाईल नंबर बदलला, तर कोड जुन्या नंबरवर जाईल. आणि नेमताना गुगल त्याला काहीही कळवत नाही, त्यामुळे वर्षानंतर आलेला तो ईमेल त्याला फसवणुकीचा वाटून तो पुसूनही टाकेल. म्हणून नेमलेल्या माणसाला समोर बसवून सांगा: "माझ्या खात्याबद्दल गुगलचा ईमेल आला तर तो खरा असेल, तीन महिन्यांत सगळे उतरवून घे." आणि घरात सांगून ठेवा, की गरजेचे नंबर लिहून घेतल्यावर फोनमधून खाते काढा किंवा फोन बंद करा.

काहीच नेमले नसेल, तरी मृत व्यक्तीच्या खात्यासाठी कुटुंबाला गुगलकडे अर्ज करता येतो. कागदपत्रे द्यावी लागतात, निर्णय गुगलचा असतो, आणि पासवर्ड तेव्हाही मिळत नाही. शिवाय दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गुगल आपल्या नियमानुसार पुसू शकते. डिसेंबर २०२३ पासून हे पुसणे सुरू झाले आहे.

माणूस आयसीयूत असेल तर?

इथे ही सोय उपयोगाची नाही. तिची सर्वात छोटी मुदतच तीन महिन्यांची आहे, आणि कोर्टाची तारीख तर परवा असते. आजारपणासाठी एकच उपाय आहे: दुसरा माणूस आजच आत घ्या.

प्रकरणांचे फोल्डर ड्राइव्हमध्ये एका सहकाऱ्याशी शेअर करा, आणि महिन्यातून एकदा त्याची प्रत हार्ड डिस्कवर घ्या. नुसते शेअर केलेले फोल्डर मूळ खात्यातच असते, ते खाते गेले की फोल्डरही जाते. यूट्यूब स्टुडिओमध्ये Settings आणि मग Permissions मध्ये जाऊन दुसऱ्या कार्यकर्त्याला Manager करा, तो तुमच्या पासवर्डशिवाय व्हिडिओ टाकू शकतो. फेसबुक पेज चालवत असाल तर दोन अ‍ॅडमिन ठेवाच. एकट्याच अ‍ॅडमिनचे खाते त्याच्या मृत्यूनंतर स्मृती-खाते झाले, तर त्याचे पेजही काढले जाते. तिथे नेमता येणारा Legacy contact प्रोफाइलचा फोटो बदलू शकतो, वर एखादी पोस्ट लावू शकतो, पण लॉगिन करून मेसेज वाचू शकत नाही. पेज त्याच्या भरवशावर सोडू नका.

पाकिटात काय लिहायचे

सगळ्या दारांची किल्ली शेवटी फोनच असतो, कारण ओटीपी तिथेच येतो. म्हणून एक कागद लिहून पाकीट बंद करा आणि एका विश्वासू माणसाला ते कुठे आहे ते सांगा. त्यात फोनचा पिन लिहा. सिम कोणाच्या नावावर आहे ते लिहा. गुगलचे बॅकअप कोड लिहा. हे दहा कोड सुरक्षेच्या पानावर मिळतात, प्रत्येक आठ अंकी असतो आणि एकदाच चालतो. ओटीपी येत नसेल तेव्हा पासवर्डनंतर तोच विचारला जातो, म्हणून गुगलचा पासवर्डही त्याच कागदावर हवा. नवे कोड काढले की जुने बाद होतात, तेव्हा कागदही बदला.

सिम लगेच बंद करू नका. प्रीपेड सिम ९० दिवस अजिबात न वापरल्यास बंद होऊ शकते, आणि बंद झालेला नंबर आणखी ९० दिवसांनी दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो. मग दादांच्या खात्याचा ओटीपी अनोळखी माणसाच्या फोनवर जाईल. सर्व खाती आवरेपर्यंत थोडे रिचार्ज करत राहा.

एक गोष्ट मात्र त्या कागदावर लिहू नका: यूपीआय आणि एटीएमचा पिन. माणूस गेल्यावर त्याच्या पिनने पैसे काढणे म्हणजे उद्या भावंडांत वाद, प्रसंगी पोलीस तक्रार. बँकेतील पैशांचा रस्ता वेगळा आहे, तो म्हणजे नॉमिनी. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, तो आपोआप मालक होत नाही, कायदेशीर वारसांचा हक्क कायम राहतो. कागदावर फक्त बँकेचे आणि शाखेचे नाव लिहा.

दादांच्या तीन प्रकरणांपैकी दोन वकिलांकडच्या झेरॉक्सवरून पुन्हा उभी राहिली. तिसऱ्या कुटुंबाला सगळे दाखले तहसीलमधून नव्याने काढावे लागले, आणि त्यात त्यांची रोजंदारी बुडाली ती वेगळीच. आमच्या गटात आता नियम केला आहे: ज्याच्या खात्यात दुसऱ्याची कागदपत्रे आहेत, त्याने दरवर्षी १४ एप्रिलच्या आधी पाकीट उघडून पाहायचे. पिन तोच आहे का, नेमलेल्या माणसाचा नंबर तोच आहे का, बॅकअप कोड शिल्लक आहेत का. तिन्ही जुळले की पाकीट पुन्हा बंद.