धमनीखालची मूत्रवाहिनी

गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियेत सर्जनचा हात एका ठिकाणी हमखास सावध होतो. गर्भाशयमुखाच्या दोन्ही बाजूंना, जेमतेम दीड ते दोन सेंटिमीटरवर, गर्भाशयाला रक्त देणारी धमनी वरून जाते आणि मूत्रपिंडातून लघवी आणणारी मूत्रवाहिनी तिच्याखालून मूत्राशयाकडे वळते. वैद्यकीय विद्यार्थ्यांना ही जागा ‘पुलाखालून पाणी’ अशी शिकवली जाते. धमनी बांधायची आणि कापायची असते; मूत्रवाहिनीला मात्र धक्काही लागू द्यायचा नसतो. काही स्त्रियांमध्ये हे अंतर आणखी कमी असते.

दोघी इथे येतात वेगवेगळ्या वाटांनी. गर्भाशयाची धमनी ओटीपोटाच्या बाजूच्या भिंतीवरील मोठ्या रक्तवाहिनीतून फुटते, आडवी आत येते आणि गर्भाशयाला त्याच्या अरुंद कमरेशी भेटते. तिथून तिची मुख्य शाखा नागमोडी वर चढते आणि अंडाशयाच्या धमनीला मिळते. अंडाशयाची धमनी थेट महाधमनीतून आलेली असते. म्हणजे गर्भाशयाला दोन्हीकडून रक्त मिळते, आणि पिशवी काढताना दोन्ही वाटा बंद कराव्या लागतात. मूत्रवाहिनी साधारण २५ ते ३० सेंटिमीटर लांबीची. ती मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडून ओटीपोटात उतरते, बाजूच्या भिंतीने खाली येते आणि धमनीखालून पुढे सरकते.

हे सारे घडते गर्भाशयाला जागेवर धरणाऱ्या बंधांमध्ये. बाजूचा रुंद बंध म्हणजे खरे तर पोटाच्या आतल्या पातळ आवरणाची दुहेरी घडी. तिच्या तळाशी गर्भाशयमुखापासून ओटीपोटाच्या भिंतीकडे जाणारा दाट बंध असतो. गर्भाशयाला मुख्य आधार त्याचा आणि मागे माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीकडे जाणाऱ्या बंधांचा. धमनी आणि मूत्रवाहिनी एकमेकींना ओलांडतात ती या दाट बंधातच. त्यामुळे मूत्रवाहिनी तिथे सहज दिसत नाही.

समजा, चाळिशीतल्या एका स्त्रीच्या पिशवीला मोठी फायब्रॉइडची गाठ आहे आणि ती उजवीकडच्या रुंद बंधात शिरली आहे. डावी बाजू नेहमीसारखी. उजवीकडे मात्र गाठीने मूत्रवाहिनी तिच्या जागेवरून ढकललेली असू शकते. पुस्तकातल्या चित्रावर विसंबून चालत नाही. अशा वेळी सर्जन शोध वरून सुरू करतो. गोल बंध कापून रुंद बंधाची घडी उघडली की आतल्या पदराला चिकटलेली मूत्रवाहिनी सापडते. हलकेच स्पर्श केला की ती अळीसारखी वळवळते. रक्तवाहिनी अशी वळवळत नाही, ओळख पटते ती यावरून. मग ती खालपर्यंत नजरेने माग काढत न्यायची. गाठ आधी तिच्या वेष्टनातून सोडवून काढणे बहुधा सुरक्षित ठरते, कारण मूत्रवाहिनी त्या वेष्टनाबाहेर असते.

त्यानंतर मूत्राशय खाली सरकवला जातो, सहायक गर्भाशय वर आणि विरुद्ध बाजूला ओढून धरतो. या दोन कृतींनी मूत्रवाहिनी धमनीच्या टोकापासून दूर जाते. धमनीभोवतीची सैल ऊती बाजूला करून चिमटा गर्भाशयाला अगदी लगटून, काटकोनात लावतात. पुढचे चिमटे बांधलेल्या धमनीच्या आतल्या बाजूने, गर्भाशयमुखाला धरून.

घात बहुतेकदा होतो तो टाका सुटून रक्त उसळल्यावर. समोर काही दिसत नाही आणि घाईत चिमटा खोल लागतो. त्याऐवजी आधी बोटाने किंवा गॉजने दाब द्यावा, रक्त शोषून घ्यावे, टोक दिसले की तेवढेच धरावे.

शेवटी दुर्बिणीने मूत्राशयात पाहता येते: दोन्ही मुखांतून लघवीचे फवारे येत असतील तर वाट मोकळी आहे. पण विजेच्या उपकरणाने भाजलेली मूत्रवाहिनी त्या क्षणी फवारा देते आणि काही दिवसांनी गळू लागते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर कुशीत दुखणे, ताप, किंवा आठवड्या-दोन आठवड्यांनी योनीमार्गातून पाण्यासारखा स्राव याकडे दुर्लक्ष करू नये. एकाच बाजूला इजा असेल तर दुसरे मूत्रपिंड काम सांभाळते, त्यामुळे क्रिएटिनिनची रक्ततपासणी जवळपास ठीक येऊ शकते. सोनोग्राफीत सुजलेले मूत्रपिंड किंवा सीटी स्कॅनमध्ये गळती दिसते.

शस्त्रक्रिया चालू असतानाच टाक्यात अडकलेली मूत्रवाहिनी लक्षात आली, तर टाका सोडून, ती तपासून आत स्टेंट घालणे अनेकदा पुरते. मूत्राशयाजवळ ती कापली गेली असेल तर तिचे वरचे टोक मूत्राशयात नव्याने जोडतात. उशिरा कळल्यास पुन्हा भूल, पुन्हा शस्त्रक्रिया, आणि वाट फार काळ बंद राहिली असेल तर त्या बाजूचे मूत्रपिंड गमावण्याचा धोका.