दुखणं वर सरकतंय की खाली? सायटिका असताना सराव कसा करायचा

मागच्या भागात आपण भरतीच्या पोरांच्या गुडघ्यांबद्दल बोललो होतो. त्यानंतर सगळ्यात जास्त प्रश्न आले ते कंबरेतून एका पायात उतरणाऱ्या कळेबद्दल. "सर, नस दबलीय, रनिंग बंद करू का?" असं विचारणारे खूप जण आहेत. मी धाराशिवात फिजिओथेरपीचं काम करतो आणि सकाळी मैदानावर भरतीची तयारी करणारी पोरं बघतो. म्हणून आज एकाच पोराची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही.

कळंब तालुक्यातला २२ वर्षांचा पोरगा. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला दहा आठवडे उरले होते. १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, असे मिळून ५० गुण. सोयाबीनची पोती उचलून झाली आणि दोन दिवसांनी गोळा फेकताना कंबरेत चमक निघाली. आठवड्याभरात दुखणं डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागनं पोटरीत गेलं आणि करंगळीकडच्या बाजूला मुंग्या यायला लागल्या. खोकला आला तरी कळ जायची. तो म्हणाला, "सर, गावात म्हणतेत मणक्यात गॅप आलाय. पाय आखडलाय म्हणून मी रोज वाकून अंगठे धरायलोय, तरी मोकळा होईना."

इथंच पहिली चूक होती. कंबरेतून निघालेली सायटिक नस कुल्ल्यातून, मांडीच्या मागून खाली पायात जाते. गुडघा सरळ ठेवून वाकलं की मांडीच्या स्नायूबरोबर ही नसही ताणली जाते. मणक्यांमधली गादी फुगून किंवा सरकून नसेच्या मुळाला त्रास देत असेल, तर ती नस आधीच चिडलेली असते. तिला रोज ताण दिला तर ती आणखी चिडते. त्याला जो आखडलेपणा वाटत होता, तो बराचसा स्नायूचा नव्हताच. अंगठे धरणं त्याच दिवशी बंद केलं.

मग मी त्याला टाचांवर चालायला लावलं आणि एकेका पायावर चवडा उचलायला लावलं. दोन्ही पायांची ताकद सारखी होती. लघवी, शौच व्यवस्थित. म्हणजे नस चिडली होती, पण स्नायूंना निरोप जात होता. एवढं बघितल्यावरच सरावाचं बोलायचं.

त्याला चटईवर पालथं झोपवलं. दोन मिनिटं तसंच, मग दोन मिनिटं कोपरांवर छाती उचलून. पावलातल्या मुंग्या थांबल्या, पोटरी हलकी झाली. पण तो घाबरला, "सर, कंबर जास्त दुखायली की!" मी म्हटलं, हेच पाहिजे होतं.

ही गोष्ट नीट ऐका. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांना १९५६ साली हे अपघातानं कळलं. पाय दुखणारा एक रुग्ण डोक्याकडून उंच केलेल्या टेबलावर चुकून पालथा झोपून राहिला, आणि उठला तर पायातलं दुखणं गेलं होतं. त्यातून नियम आला तो असा: दुखणं पावलातून पोटरीत, पोटरीतून मांडीत, मांडीतून कंबरेत असं वर सरकत असेल तर ती स्थिती तुमच्या कामाची आहे. कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. उलट, कंबरेला बरं वाटतंय पण कळ खाली पावलाकडं चाललीय, तर ती स्थिती लगेच सोडा. दुखणं किती आहे यापेक्षा कुठपर्यंत आहे ते बघायचं.

पालथं झोपणं सगळ्यांनाच मानवत नाही. त्यानं कळ खाली उतरली तर उताणं झोपून पोटऱ्या खुर्चीवर किंवा खाटेवर ठेवा, किंवा कुशीवर झोपून गुडघ्यांमध्ये उशी घ्या. पाच मिनिटं थांबा आणि दुखणं कुठं गेलं ते बघा. तुमची स्थिती तुमचा पायच सांगतो, रीलमधला माणूस नाही.

आता त्याचा सराव. पहिले दोन आठवडे रनिंग, गोळा, सिटअप्स बंद. सपाट जागेवर दहा-दहा मिनिटं दिवसातून तीनदा चालणं. दर दोन-तीन तासांनी कोपरांवरची स्थिती. पुलअप्स चालू ठेवले, कारण त्यात पायात काही उतरत नव्हतं. उठल्यावर पहिला तासभर वाकायचं नाही, कारण रात्रभरात गादीत पाणी भरतं आणि सकाळी वाकल्यावर तिच्यावर जास्त ताण येतो. मोटारसायकलवरून लांब जाणंही बंद.

तिसऱ्या आठवड्यात दुखणं मांडीपर्यंत आलं. तेव्हा ब्रिज, चौरंगी होऊन उलटा हात-पाय उचलणं आणि बुटक्या पायरीवर चढउतार सुरू केले. पाचव्या आठवड्यात मातीच्या ट्रॅकवर एक मिनिट जॉगिंग, दोन मिनिटं चाल, असं आठ वेळा. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. रोज रात्री आणि सकाळी उठल्यावर मोबाईलच्या नोट्समध्ये एकच शब्द: कंबर, कुल्ला, मांडी, पोटरी, नाहीतर पाऊल. सकाळचा शब्द कालच्याइतका किंवा वरचा असेल तर तेवढाच सराव पुन्हा. खालचा असेल तर एक पायरी मागं.

सहाव्या आठवड्यात गडी उत्साहात आला आणि न विचारता १०० मीटरचे स्टार्ट मारले. पळताना काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नोट्समध्ये "पोटरी". खाली वाकून जोरात पाय पुढं फेकताना नस पुन्हा ताणली गेली होती. तीन दिवस फक्त चाल आणि पालथं झोपणं, मग "मांडी", मग "कुल्ला". त्या तीन दिवसांत त्यानं जिद्दीनं पळून घेतलं असतं तर पुढचे आठवडेही गेले असते. गोळा आठव्या आठवड्यात सुरू केला, तोही ४ किलोचा आणि जागेवर उभं राहून. ७.२६ किलोचा शेवटच्या आठवड्यातच हातात दिला. मैदानी चाचणी त्याची पूर्ण झाली. १६०० मीटर त्याच्या नेहमीच्या वेळेपेक्षा हळू गेले आणि गोळ्याचे गुण कमी पडले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाय शांत होता.

आता थांबायचं कधी. सराव करताना कळ खाली उतरली आणि तुमच्या स्थितीत पाच-दहा मिनिटांत वर गेली नाही, तर त्या दिवशीचा सराव संपला. चवडा उचलेना, चालताना पाऊल जमिनीवर आपटायला लागलं किंवा बधिरपणा वाढत चालला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडं जा, व्यायाम करत बसू नका. आणि लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, सायकलच्या सीटवर टेकतो त्या जागेची संवेदना गेली, किंवा दोन्ही पायांत कळ आणि कमजोरी आली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी मोठ्या दवाखान्यात निघायचं. तिथं तास मोजावे लागतात. उशीर झाला तर ऑपरेशन होऊनही लघवीचा ताबा परत येईलच असं नाही. अशा वेळी कुणाकडूनही नस बसवून घेऊ नका, मणक्याला झटका तर अजिबात नको.

हे काही नसेल तर बहुतेकांचं दुखणं सहा ते बारा आठवड्यांत बरंच उतरतं. एमआरआयमध्ये गादी फुगलेली दिसली म्हणून घाबरू नका, काहीच न दुखणाऱ्या माणसांतही ती दिसते. आज रात्री झोपण्याआधी नोट्स उघडा आणि पहिला शब्द लिहा.

भेटू पुढच्या भागात.