धुराची रेघ आणि वाऱ्याची दिशा

धुराड्यातून निघालेली धुराची रेघ पाहून आपण म्हणतो, वारा तिकडे वाहतोय. वारा एकसारखा वाहत असेल तर ते बरोबरच आहे. पण दिशा बदलत असेल तर ती रेघ आताचा वारा दाखवत नाही आणि धुराच्या कुठल्याही कणाने धरलेली वाटही दाखवत नाही. त्या रेषा वेगळ्या असतात, आणि किती वेगळ्या ते आकडे घेतल्यावरच नीट कळतं.

एक सोपा वारा घेऊ. तो सगळीकडे सारखा आहे, पूर्वेकडे कायम मिनिटाला १०० मीटर वेगाने जातो. उत्तरेकडचा वेग मात्र सुरुवातीला शून्य, एका मिनिटाने मिनिटाला १०० मीटर, दोन मिनिटांनी २०० मीटर, असा समप्रमाणात वाढतो. धुराडं शून्य मिनिटाला पेटलं. दोन मिनिटं पूर्ण झाली त्या क्षणी वरून पाहू.

सर्वांत आधी निघालेला कण पहिल्या मिनिटाअखेर १०० मीटर पूर्वेला आणि ५० मीटर उत्तरेला होता, कारण त्या मिनिटात उत्तरेकडचा सरासरी वेग ५० होता. दुसऱ्या मिनिटाअखेर तो २०० पूर्व, २०० उत्तर इथे पोचला. ही एका कणाची वाट, म्हणजे पाथलाइन. ती उत्तरेकडे वळत जाते.

आता एका मिनिटाने निघालेला कण घ्या. त्याच्या वाट्याला फक्त दुसरं मिनिट आलं, आणि त्यात उत्तरेकडचा सरासरी वेग १५० होता. म्हणून तो १०० पूर्व, १५० उत्तर इथे आहे. धुराडं, हा कण आणि तो पहिला कण यांना जोडणारी रेघ म्हणजे स्ट्रीकलाइन, डोळ्यांना दिसणारा धूर. ती नेमकी उलट्या बाजूला वाकलेली आहे.

तिसरी रेषा स्ट्रीमलाइन. या क्षणी वारा पूर्वेला १०० आणि उत्तरेला २०० आहे, म्हणून ती सरळ आहे आणि १०० मीटर पूर्वेला २०० मीटर उत्तरेला असते. एकाच धुराड्यातून निघालेल्या तीन रेषा तिथे ५०, १५० आणि २०० वर आहेत.

धुराच्या टोकाकडे नीट पाहा. तिथे रेघ जवळजवळ पूर्वेकडे वळलेली आहे, पण त्या जागी वारा बराचसा उत्तरेकडे वाहतोय. रेघेत अजून धूर सोडल्या वेळचा वारा साठलेला आहे. धुराड्याच्या तोंडाशी मात्र ती आताच्या वाऱ्याला धरूनच निघते, म्हणून वाऱ्याची दिशा तिथेच पाहावी.

फोटोतही हाच फरक येतो. एका कणावर कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवलं तर पाथलाइन मिळते, धुराचा झटपट फोटो घेतला तर स्ट्रीकलाइन. स्ट्रीमलाइनसाठी अनेक कणांच्या एकाच वेळच्या छोट्या सरकण्यांवरून दिशा जुळवाव्या लागतात.

गफलत प्रयोगशाळेतही होते. एफ. आर. हामा यांनी १९६२ मध्ये गणिताने दाखवलं की, विक्षोभ वाढत नसतानाही स्ट्रीकलाइन गुंडाळी होऊन भोवऱ्यासारखी दिसू शकते. रंगाची गुंडाळी दिसली म्हणून तिथे भोवरा तयार झालाच, असं म्हणता येत नाही. वेग वेगळा मोजावा लागतो.